अंथरूण ओले होते, आणि डॉक्टर शीबद्दल विचारतात

सहा-सात वर्षांचे मूल अजूनही अंथरुणात लघवी करते म्हणून आई-वडील त्याला डॉक्टरांकडे नेतात, तेव्हा त्यांच्याजवळ सांगण्यासारखे बरेच काही असते. मूल किती गाढ झोपते, कानाशी ढोल वाजवला तरी कसे हलत नाही, रात्रीचे पाणी बंद करून पाहिले, झोपेतून उठवून नेऊन पाहिले, शेवटी रागावूनही पाहिले. डॉक्टर हे सारे ऐकून घेतात आणि मग विचारतात की मुलाला शी रोज होते का, घट्ट होते की मऊ, आणि त्यासाठी कुंथावे लागते का. पालक गोंधळतात, कारण तक्रार लघवीची आहे, तीही रात्रीची, आणि प्रश्न मात्र दिवसाच्या शीबद्दल आहे. हा प्रश्न तिथे कसा येऊन पोहोचतो, हे समजावून सांगण्यासाठी हा लेख आहे.

पाच वर्षांची रेघ कुठून आली?

झोपेत नकळत लघवी होण्याला वैद्यकात शय्यामूत्र म्हणतात, आणि हा शब्द मूल पाच वर्षांचे झाल्यावरच वापरायचा असा संकेत आहे. पाचव्या वाढदिवशी शरीरात काही घडते असे मात्र नाही. दिवसाच्या लघवीवर ताबा साधारणपणे आधी येतो आणि रात्रीचा नंतर येतो. पाचव्या वर्षापर्यंत बहुतेक मुलांचा रात्रीचा ताबा आलेला असतो, म्हणून मोजणीसाठी तिथे रेघ ओढली आहे. त्या रेघेवरही साधारण सहा-सात मुलांमागे एकाचे अंथरूण ओले होतच असते. दहाव्या वर्षी हे प्रमाण शंभरात पाचच्या आसपास येते आणि मोठेपणी शंभरात एकाच्याही खाली जाते. काहीही उपचार न करता दर वर्षी अशा शंभर मुलांपैकी साधारण पंधरा मुले आपोआप कोरडी होतात. (काळे तीळ आणि गूळ यांच्या लाडवाला मिळणाऱ्या श्रेयातला मोठा वाटा या पंधरा मुलांचा असावा, असे मला वाटते. लाडू खायला काहीच हरकत नाही.)

मुलींपेक्षा मुलांमध्ये हे जास्त दिसते आणि घराण्यातही चालत येते. आई किंवा वडील यांपैकी एकाला लहानपणी हा त्रास असेल तर मुलाला तो होण्याची शक्यता सुमारे ४४ टक्के असते आणि दोघांनाही असेल तर ती सुमारे ७७ टक्क्यांपर्यंत जाते. त्यामुळे मुलाला लाज वाटावी म्हणून चारचौघांत बोलणाऱ्या वडिलांनी आधी स्वतःच्या आईला एकांतात एक प्रश्न विचारून पाहावा.

एक फरक मात्र सुरुवातीलाच करावा लागतो. मूल जन्मापासून कधीच सलग कोरडे राहिलेले नाही, ही एक गोष्ट झाली. किमान सहा महिने कोरडे राहून नंतर पुन्हा सुरू झाले, ही वेगळी गोष्ट आहे, आणि तिच्यात नवे कारण शोधावे लागते. अचानक सुरू झालेल्या ओल्या रात्रींबरोबर मूल सारखे पाणी मागत असेल, खाऊनही वजन घटत असेल, तर त्याच दिवशी रक्तातली साखर तपासावी, कारण लहान मुलांचा मधुमेह असाच उघडकीला येतो. लघवी करताना जळजळ, ताप, दिवसाही कपडे सतत थेंबथेंब ओले राहणे, लघवीची धार बारीक असणे, चालण्यात बदल होणे किंवा कमरेच्या खालच्या टोकाला मणक्यावर खळगा अथवा केसांचा पुंजका असणे, यांपैकी काही दिसले तरी घरचे उपाय करत बसू नये. पुढचे विवेचन हे काहीही नसलेल्या मुलांबद्दल, म्हणजे बहुसंख्य मुलांबद्दल आहे.

टाकी, नळ आणि घंटा

इमारतीच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीची कल्पना करू. खालून पंप पाणी चढवतो, ते नळातून टाकीत पडते, टाकी भरत जाते, आणि भरत आली की खाली घंटा वाजून कोणीतरी पंप बंद करायला धावते. टाकी ओसंडून वाहायची असेल तर दोन गोष्टी एकत्र घडाव्या लागतात: पाणी टाकीत मावण्यापेक्षा जास्त यायला हवे आणि घंटेकडे कोणाचे लक्ष जायला नको. दोन्हींपैकी एकच घडली तर ओसंडत नाही. टाकी पुरेशी मोठी असेल तर घंटेची गरजच पडत नाही, आणि घंटा ऐकू आली तर टाकी लहान असूनही चालते.

रात्रीच्या लघवीचे गणित अगदी असेच आहे. पंप म्हणजे मूत्रपिंडे, नळ म्हणजे त्यांच्याकडून येणारी लघवी, टाकी म्हणजे मूत्राशय, अर्थात लघवीची पिशवी, आणि घंटा म्हणजे पिशवी भरल्याचा मेंदूकडे जाणारा निरोप. आपण मोठी माणसे रात्रभर सहसा उठत नाही, कारण झोपेत मेंदूतून व्हॅसोप्रेसिन नावाचे संप्रेरक जास्त स्रवते आणि मूत्रपिंडांना लघवी कमी तयार करायला सांगते. पंप मंद होतो. काही मुलांमध्ये रात्रीची ही वाढ अजून नीट बसलेली नसते, आणि त्यांच्या रात्रीच्या लघवीचे प्रमाण दिवसासारखेच राहते. अशा मुलांचे अंथरूण ओले होते तेव्हा भरपूर ओले होते.

ज्या मुलाचे अंथरूण ओले होते त्याच्या बाबतीत म्हणून दोन स्वतंत्र प्रश्न विचारायचे असतात. पहिला, टाकी का भरली? दुसरा, घंटा का ऐकू आली नाही? घरोघरी फक्त दुसऱ्या प्रश्नाची चर्चा होते.

गाढ झोपेचा आरोप कितपत खरा?

बराच खरा आहे. कॅनडातील ओटावा येथे सात ते बारा वर्षांच्या मुलग्यांवर केलेला एक अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. त्यात झोपलेल्या मुलांच्या कानांना लावलेल्या हेडफोनमधून आवाज हळूहळू वाढवत नेला. अंथरूण ओले करणारी मुले सुमारे ९ टक्के प्रयत्नांत जागी झाली, तर इतर मुले सुमारे ४० टक्के प्रयत्नांत जागी झाली. म्हणजे आई म्हणते ते बरोबर आहे; या मुलांना उठवणे खरोखरच अवघड असते. पण त्याच आकड्यांत दुसरी गोष्ट दडलेली आहे. कोरडी राहणारी मुलेसुद्धा दहापैकी सहा वेळा उठली नव्हती. लहान वयात सगळीच झोप गाढ असते, तरी बहुतेकांचे अंथरूण कोरडे राहते, कारण त्यांची टाकी सकाळपर्यंत पुरते.

हाँगकाँगमधील संशोधकांनी २००८ साली मांडलेले निरीक्षण याहून चकित करणारे आहे. ज्यांचा त्रास तीव्र होता आणि ज्यांचे मूत्राशय वारंवार आकुंचन पावत होते, अशा मुलांच्या झोपेचा आलेख काढल्यावर दिसले की त्यांची झोप उलट जास्त तुटक आणि वरवरची होती. मूत्राशय रात्रभर हाका मारत होते, मेंदू पुन्हा पुन्हा हलत होता, पण पूर्ण जागा होत नव्हता. रेल्वे रुळांजवळ राहायला आलेल्या कुटुंबाला पहिले काही दिवस प्रत्येक गाडीला जाग येते आणि महिनाभरात कोणालाच येत नाही, तसे काहीसे इथे घडत असावे: जी घंटा सतत वाजते तिची मेंदूला सवय होते. हे निरीक्षण सर्व मुलांना लागू करता येणार नाही, परंतु त्यातून इतके नक्की कळते की जागे न होणे हा कधीकधी परिणाम असतो आणि त्याचे मूळ टाकीत असते.

यावर पालक विचारतात की मग मूल मुद्दाम करत नाही हे नक्की का? नक्की. झोपेत लघवी सुटते तेव्हा मुलाला ते कळतच नाही, त्यामुळे शिक्षेने किंवा आमिषाने बदलण्यासारखे त्याच्या हातात काही नसते. मूल जोरात घोरत असेल, तोंड उघडे ठेवून झोपत असेल आणि दिवसा पेंगत किंवा चिडचिड करत असेल, तर मात्र टॉन्सिल आणि नाकामागच्या ॲडिनॉइड ग्रंथी तपासून घ्याव्यात. श्वास अडखळल्याने झोप बिघडलेल्या काही मुलांचे अंथरूण, त्या ग्रंथी काढल्यावर कोरडे झाल्याचे दिसले आहे.

पिशवी किती मोठी असायला हवी?

याचे उत्तर घरच्या घरी काढता येते. मुलाच्या वयात एक मिळवावा आणि येणाऱ्या संख्येला ३० ने गुणावे. जे येईल तितके मिलिलिटर लघवी त्या वयाच्या मूत्राशयात मावायला हवी. पाच वर्षांच्या मुलासाठी हे उत्तर १८० येते, आठ वर्षांच्या मुलासाठी २७० येते. हा हिशेब साधारण बाराव्या वर्षापर्यंत चालतो.

प्रत्यक्षात किती मावते हे पाहण्यासाठी शनिवार-रविवारी घरी असताना मुलाला मापाच्या मगमध्ये लघवी करायला सांगावे आणि प्रत्येक वेळचा आकडा व वेळ वहीत लिहावी. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी या मोजणीत धरत नाहीत, कारण ती रात्रभर साचलेली असते. उरलेल्यांपैकी सर्वांत मोठा आकडा म्हणजे त्या मुलाची टाकी. तो अपेक्षित मापाच्या ६५ टक्क्यांहून कमी असेल तर टाकी लहान आहे असे समजतात.

लहान म्हणजे जन्मतःच आकाराने खुजी, असा त्याचा अर्थ होत नाही. बहुतेक वेळा पिशवी पुरेशी मोठी असते, परंतु पूर्ण भरण्याआधीच आकुंचन पावू लागते, किंवा बाहेरून दाबली गेल्याने तिला पसरायला जागा मिळत नाही. अशा मुलाला दिवसा वारंवार जावे लागते, ऐनवेळी धावत जावे लागते, काही मुली टाचेवर बसून लघवी दाबून धरतात, आणि चड्डी अधूनमधून थोडी ओली होते. पालक या खुणा सांगत नाहीत, कारण त्यांना रात्रीची तक्रार मोठी वाटते. दिवसाच्या या खुणा असतील तर आधी त्या सोडवाव्या लागतात, असे या विषयातले डॉक्टर मानतात.

भिंतीपलीकडचा भाडेकरू

आता शीच्या प्रश्नाकडे येऊ. ओटीपोटाची जागा अरुंद असते, आणि तिथे मूत्राशयाच्या बरोबर मागे मलाशय असते, म्हणजे आतड्याचा तो शेवटचा भाग जिथे मळ बाहेर पडण्यापूर्वी येऊन थांबतो. मुलींमध्ये दोघांच्या मध्ये गर्भाशय असते, पण लहान वयात ते अगदी छोटे असते. एका खोलीत दोन भाडेकरू राहावेत आणि एकाने सामान वाढवत न्यावे, तशी अवस्था बद्धकोष्ठतेत होते. साचलेल्या मळाने मलाशय फुगते आणि मूत्राशयाची मागची भिंत पुढे ढकलते. पिशवीला पसरायला जागा उरत नाही, म्हणून तिच्यात कमी मावते. शिवाय तिच्यावर सतत दाब असल्याने ती अवेळी आकुंचन पावते. दोन्ही अवयवांना मणक्याच्या खालच्या टोकातून येणाऱ्या त्याच नसा असतात, त्यामुळे एकाचा तगादा दुसऱ्यापर्यंत पोहोचतो. तिसरी गोष्ट अशी की दुखेल या भीतीने शी दाबून धरणारे मूल खालचे स्नायू आवळून ठेवायला शिकते, ते लघवी करतानाही पुरते सैल होत नाहीत, आणि पिशवी पूर्ण रिकामी होत नाही. आधीच लहान झालेल्या टाकीत तळाशी शिल्लक राहते.

याचा पुरावा काय, असे विचारणे योग्य आहे. अमेरिकेतील आयोवा येथे जुनी बद्धकोष्ठता असलेल्या आणि चड्डीत मळ सुटणाऱ्या २३४ मुलांचा अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्यापैकी ३४ टक्के मुलांचे रात्री अंथरूण ओले होत होते. पोटाचा उपचार करून किमान वर्षभर त्यांच्याकडे लक्ष ठेवले. ज्यांची बद्धकोष्ठता सुटली, त्यांच्यातील ६३ टक्के मुलांची रात्रीची लघवी थांबली, आणि ज्यांना दिवसाही लघवी सुटत होती त्यांच्यातील ८९ टक्क्यांची ती थांबली. लघवीसाठी वेगळे औषध दिलेले नव्हते. हा आकडा वाचून प्रत्येक ओल्या अंथरुणामागे बद्धकोष्ठता आहे असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल, कारण ही सर्व मुले पोटाच्या तीव्र त्रासासाठीच आलेली होती. पण ज्याला दोन्ही त्रास आहेत, त्याच्या बाबतीत सुरुवात कुठून करावी हे त्यातून स्पष्ट होते.

“पण त्याला तर रोज होते!”

हा सर्वांत जास्त ऐकू येणारा आक्षेप आहे, आणि तो प्रामाणिक असतो. रोज शी होणे आणि पोट साफ होणे यांत अंतर आहे. भरलेल्या मलाशयातून रोज थोडे बाहेर पडत असेल तर मूल रोज शौचाला जाते आणि तरीही मागे साठा कायम राहतो. शिवाय पाच वर्षांनंतर मूल एकटे शौचाला जाते, स्वतः धुते आणि पाणी ओतून येते, त्यामुळे आत काय घडते हे कोणालाच माहीत नसते.

म्हणून वारंवारतेपेक्षा रूप विचारावे. शेळीच्या लेंड्यांसारखे सुटे कठीण गोळे, किंवा गाठी-गाठींचा घट्ट तुकडा, ही बद्धकोष्ठतेची शी. मऊ, सलग, केळ्यासारखी, कुंथावे न लागणारी ही चांगली शी. आठवड्यातून एखाद्या वेळी भांडे तुंबावे इतकी मोठी होत असेल, तर मलाशय ताणले गेले आहे असे समजावे. सर्वांत फसवी खूण म्हणजे चड्डीला लागणारे पातळ डाग. घट्ट साठ्याच्या कडेने पातळ मळ झिरपतो, घरच्यांना वाटते पोट बिघडले किंवा नीट धुतले नाही, आणि जुलाब थांबवण्याचे औषध दिले जाते. त्याने आतला साठा आणखी घट्ट होतो. शंका राहिली तर डॉक्टर पोट तपासून पाहतात किंवा सोनोग्राफीत मूत्राशयामागच्या मलाशयाची रुंदी मोजतात. ती तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर तिथे साठा असण्याची शक्यता मोठी असते.

आपल्याकडे हा साठा तयार व्हायला शाळेचा दिवस पुरेसा आहे. सकाळी सातची शाळा असेल तर साडेसहाला रिक्षा दाराशी येते, आणि शौचाला बसण्याची वेळ त्या घाईत जाते. शाळेतले स्वच्छतागृह अस्वच्छ असेल तर मूल तिथे जात नाही, आणि जावे लागू नये म्हणून पाणीही पीत नाही. बाटली भरलेली परत येते. मग घरी आल्यावर ते तहानेने भरपूर पाणी पिते, वर रात्री दूध पिते. एकाच सवयीने दोन नुकसाने होतात: दिवसा पाणी कमी पडल्याने शी घट्ट होते, आणि दिवसभराचे पाणी संध्याकाळी प्यायल्याने रात्री टाकी भरते.

एका मुलाची वही

समजण्यासाठी एक काल्पनिक मुलगा घेऊ आणि त्याला यश म्हणू. वय सात वर्षे, आठवड्यातून सहा रात्री अंथरूण ओले. सूत्राप्रमाणे त्याच्या मूत्राशयात २४० मिलिलिटर मावायला हवे. आईने शनिवारी-रविवारी मापाचा मग लावला, तेव्हा आकडे आले ९०, ७०, ११०, ८०, १२०, ६० असे. सर्वांत मोठा १२०, म्हणजे अपेक्षेच्या निम्मा.

नळाचाही हिशेब करायला हवा होता. त्यासाठी आठवडाभर रात्री डायपर घालून, सकाळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्याचे वजन केले. कोरडे वजन वजा केले की उरलेला प्रत्येक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलिलिटर लघवी. त्यात सकाळच्या पहिल्या लघवीचे माप मिळवले. यशची रात्रीची लघवी १८० ते २६० मिलिलिटर भरली. अपेक्षित मापाच्या १३० टक्क्यांपेक्षा, म्हणजे इथे ३१२ मिलिलिटरपेक्षा जास्त आली असती तरच नळ जास्त वाहतो असे म्हटले असते. त्यामुळे नळ ठीक होता. १२० च्या टाकीत २३० ओतले तर कितीही हलकी झोप असली तरी एकदा उठावेच लागणार, आणि यश उठत नव्हता.

मग शीचा प्रश्न आला. रोज होते, असेच उत्तर होते. आठवडाभर आईने स्वतः पाहिले, तर रोजच्या म्हणजे दोन-तीन लेंड्या, रविवारी एक भली मोठी, आणि चड्डीला डाग. डॉक्टरांनी पाण्यात विरघळणारी पावडर दिली. या पावडरीतला पदार्थ आतड्यात शोषला जात नाही, तो पाणी धरून ठेवून मळ मऊ करतो. पहिले काही दिवस जास्त मात्रा देऊन साठा काढला जातो आणि नंतर कमी मात्रा रोज चालू ठेवली जाते. मात्रा वजनावर ठरते, ती डॉक्टरांनीच ठरवावी. इथे बहुतेक घरांत एकच चूक होते: आठवड्यात शी मऊ झाली की पावडर बंद केली जाते. ताणून मोठे झालेले मलाशय पुन्हा आकसायला आणि भरल्याची जाणीव परत यायला महिने लागतात, त्याआधी औषध थांबले तर साठा परत जमतो.

त्याबरोबर बसण्याची वेळ ठरली. जेवल्यावर आतडी आपोआप हलू लागतात, म्हणून रात्रीच्या जेवणानंतर पाच-दहा मिनिटे. यशच्या घरी कमोड होता आणि त्याचे पाय लोंबकळत होते. पायांखाली पाट ठेवला, कारण गुडघे वर आले तरच खालचे स्नायू सैल होतात. भारतीय बैठकीत हा प्रश्न येत नाही. पाण्याची वाटणी बदलली: या वयाला दिवसाला एक ते दीड लिटरच्या आसपास द्रवपदार्थ पुरतात, त्यातले बहुतेक संध्याकाळपर्यंत प्यायचे, चहा नाही, आणि दर दोन-अडीच तासांनी घाई न करता लघवीला जायचे. शाळेतल्या बाईंना सांगून मधल्या सुट्टीआधी, गर्दी नसताना जाण्याची सोय केली.

आठ आठवड्यांनी मापाचा मग पुन्हा लावला. सर्वांत मोठा आकडा १९० झाला होता, आणि ओल्या रात्री सहावरून तीनवर आल्या होत्या. हे चमत्कारासारखे दिसते, पण वहीतच त्याचे उत्तर आहे: रात्रीची लघवी १८० असेल त्या रात्री ती १९० मध्ये मावते, २५० असेल त्या रात्री मावत नाही. उरलेल्या तीन रात्रींसाठी घंटेची गरज होती.

रात्री उठवून नेले तर काय बिघडते?

बिघडत काही नाही, अंथरूण वाचते. पण अर्धवट झोपेतल्या मुलाला खांद्यावर टाकून बाथरूममध्ये नेल्याने त्याच्या मेंदूला काहीच शिकायला मिळत नाही, कारण उठण्याची वेळ आईच्या घड्याळाने ठरते आणि पिशवीच्या भरण्याशी तिचा संबंध नसतो. पाणी पूर्ण तोडण्याचेही तसेच आहे: मूल तहानलेले राहते, शी घट्ट होते, आणि मूत्राशयाला भरण्याचा सराव मिळत नाही.

खरी घंटा लघवीच्या पहिल्या थेंबांना वाजते. तिचा शोधही गमतीदार आहे. १९०४ मध्ये फाउंडलर नावाच्या बालरोगतज्ज्ञांनी, मुलाचे अंथरूण ओले झाले की परिचारिकेला कळावे आणि तिने ते बदलावे, एवढ्याच हेतूने एक विजेची घंटा बसवली, आणि काही काळाने त्यांच्या लक्षात आले की मुले कोरडीच राहू लागली आहेत. आजच्या यंत्रात ओलावा ओळखणारी छोटी चकती चड्डीला लावतात आणि घंटा सदऱ्याला. सुरुवातीचे आठवडे घंटेने सगळे घर जागे होते आणि मूल झोपूनच राहते. त्या वेळी पालकांनी त्याला पूर्ण जागे करायचे असते. घंटा त्याने स्वतः बंद करायची, चालत जाऊन उरलेली लघवी करायची, कपडे बदलायचे. प्रगतीची पहिली खूण कोरडी रात्र ही नसते. ओला डाग लहान होतो, घंटा पहाटेकडे सरकते, आणि मूल आवाजाने स्वतः हलते, या त्या खुणा असतात. सलग चौदा रात्री कोरड्या मिळेपर्यंत घंटा लावायची. त्याला दोन ते तीन महिने लागतात, आणि नीट वापरणाऱ्या साधारण तीनपैकी दोन मुलांना ती लागू पडते. नंतर यातली बहुतेक मुले उठत नाहीत, रात्रभर झोपूनच कोरडी राहतात. ज्या घरात एका खोलीत पाच जण झोपतात किंवा आई-वडील रात्रपाळीला असतात, तिथे मात्र हा उपाय पुस्तकातच राहतो, हे मान्य करायला हवे.

अशा वेळी, किंवा सहलीसारख्या चार दिवसांसाठी, डेस्मोप्रेसिनची गोळी उपयोगी पडते. ती व्हॅसोप्रेसिनसारखेच काम करून नळ मंद करते, म्हणून ज्यांच्या टाकीचे माप ठीक आहे आणि नळ जास्त वाहतो, त्यांना ती उत्तम लागू पडते. यशच्या सुरुवातीच्या १२० च्या टाकीवर तिचा फारसा उपयोग झाला नसता. बंद केल्यावर बऱ्याच मुलांचा त्रास परत येतो. तिचा एक नियम कटाक्षाने पाळावा लागतो: गोळीच्या तासभर आधीपासून पुढचे आठ तास भरपूर पाणी प्यायचे नाही, कारण लघवी थांबलेली असताना पाणी पीत राहिल्यास रक्तातले सोडियम घसरून झटके येऊ शकतात. उलट्या-जुलाब किंवा ताप असताना ती गोळी त्या रात्री देऊ नये.

यशने दहा आठवडे घंटा लावली आणि चौदा कोरड्या रात्री पूर्ण केल्या. दिवाळीच्या सुट्टीत तो मामाकडे गेला, पावडर घरी राहिली, फराळ आणि दूध भरपूर झाले, आणि पाचव्या-सहाव्या रात्री अंथरूण पुन्हा ओले झाले. मामी म्हणाली, जागा बदलली, दमून झोपला असेल. आईने फोनवर आधी विचारले की शी कधी झाली होती. तीन दिवस झालीच नव्हती. मामाने गावातल्या औषधाच्या दुकानातून तीच पावडर आणली, जेवणानंतरचे बसणे पुन्हा सुरू झाले, आणि आठवड्याभरात रात्री परत कोरड्या झाल्या.